बाहेरगावच्या टॅक्सीची टॅगलाइन: आधी बिल, मग ओळ

जळगावात फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड आणि गाडीच्या काचेवरचे रेडियम करून देण्याचे आमचे काम आहे. लग्नसराईच्या तोंडावर टॅक्सीवाले मालक येतात आणि खिशातून चिठ्ठी काढतात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘स्वच्छ गाड्या, नम्र चालक, कोणतेही छुपे चार्जेस नाहीत’. वर नाव बदलते, खाली फोन नंबर बदलतो, ओळ तीच राहते. ती लिहिणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असतो; चूक होते ती क्रमाची. ओळ आधी छापली जाते, आणि ती आपल्या बिलाला लागू पडते का, हे पहिले गिऱ्हाईक भांडल्यावर कळते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. ज्याला ओळ तातडीने हवी आहे त्यानेही पहिला टप्पा वगळू नये.

टप्पा १: मागची वीस बिले समोर घ्यावीत

बाहेरगावी गेलेल्या गाड्यांची शेवटची वीस बिले घेऊन बसावे, आणि गिऱ्हाइकाने ज्या रकमेवर ‘हे कशाचे?’ असे विचारले होते त्या प्रत्येक रकमेखाली लाल रेघ मारावी. ज्यांची बिले कागदावर नसतात त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज काढावेत, आणि ड्रायव्हरांनाही विचारावे, कारण वाद मालकापर्यंत पोहोचण्याआधी ड्रायव्हरच्या कानावर येतो.

भुसावळ रस्त्यावरच्या एका पाच गाड्यांच्या मालकाबरोबर मी हे केले. त्याचे ठाम म्हणणे होते की आपण एक रुपयाही लपवत नाही, आणि ते खरेही होते. तरी वीसपैकी नऊ बिलांवर लाल रेघ आली. त्यांतले एक बिल सविस्तर पाहण्यासारखे आहे. हिशोब सोपा राहावा म्हणून आकडे पूर्णांकात घेतले आहेत.

एक कुटुंब शनिवारी दुपारी दोन वाजता जळगावहून एर्टिगाने शिर्डीला निघाले आणि रविवारी सकाळी अकराला परत आले. फोनवर त्यांना ‘१३ रुपये किलोमीटर’ एवढेच सांगितले होते. मीटरवर ४५० किलोमीटर झाले, तेव्हा मनातल्या मनात त्यांनी ५,८५० रुपये धरले. बिल आले ९,००० रुपयांचे. कारण असे की बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरण्याची या धंद्यातली रीत आहे, आणि दिवस मोजला जातो तो रात्री बारापासून रात्री बारापर्यंत. गाडी एकवीस तास बाहेर होती. मालकाच्या हिशोबी ते दोन दिवस झाले. म्हणजे ६०० किलोमीटरचे ७,८०० रुपये, ड्रायव्हर भत्ता दोन दिवसांचा ८०० रुपये, टोल व पार्किंग मिळून ४०० रुपये. यात एकही रक्कम खोटी नाही, आणि तरीही गिऱ्हाइकाला ३,१५० रुपयांचा धक्का बसला.

अशा ठिकाणी ‘छुपे चार्जेस नाहीत’ ही ओळ मालकाच्या बाजूने खरी आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने खोटी असते. लाल रेघा साधारणपणे पुढील जागी सापडतात: किमान किलोमीटर, बारा वाजता बदलणारा दिवस, रात्री उशिरा किंवा पहाटे गाडी चालल्यास लागणारा रात्र भत्ता, परराज्यात जाताना सीमेवरचा कर, आणि गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजलेले किलोमीटर. शेवटची गोष्ट आपल्याकडे विशेष नडते. भुसावळची गाडी जळगावच्या गिऱ्हाइकाला घ्यायला येते तेव्हा येता-जाता मिळून पन्नासेक किलोमीटर वाढतात आणि ते गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहिलेले नसतात. लग्नाचा बस्ता बांधायला सुरतेला किंवा दर्शनाला उज्जैनला गाडी नेताना सीमेवरच्या कराचा प्रश्न येतो. गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे की फक्त महाराष्ट्राचे, यावर तो ठरतो, आणि ते मालकाला आधीच माहीत असते. जे आधी माहीत असते ते आयत्या वेळी सांगितले, की त्याचा वाद होतो.

*तपासणी:* वीस बिलांत एकही लाल रेघ नसेल तर बिले निवडून घेतली आहेत असे समजावे आणि दुसरी वीस घ्यावीत.

टप्पा २: ‘ठरले’ म्हणजे काय, ते लिहून काढावे

टॅगलाइनमध्ये तुम्ही कोणतेही शब्द वापरा, त्यांचा अर्थ एकच निघणार आहे: जे ठरले त्याहून जास्त घेणार नाही. मग जे ठरले ते कुठेतरी लिहिलेले हवे. फोनवरच्या बोलण्यात ते नसते, कारण फोनवर गिऱ्हाईक दर ऐकते आणि अट विसरते. बुकिंग पक्के करतानाच एक मेसेज पाठवावा. वरच्याच प्रवासासाठी आम्ही तयार केलेला मेसेज असा होता:

> जळगाव–शिर्डी–जळगाव, एर्टिगा. शनिवार दुपारी २ ते रविवार सकाळी ११. रात्री १२ नंतर दुसरा दिवस धरला जातो, म्हणून २ दिवस. किमान ६०० किलोमीटर, दर १३ रुपये: ७,८०० रुपये. ड्रायव्हर भत्ता: ८०० रुपये. टोल व पार्किंग: ४०० रुपये. एकूण ९,००० रुपये. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. ६०० च्या पुढे गेल्यास दर किलोमीटरला १३ रुपये. याशिवाय काही नाही.

हा मेसेज वाचून काही गिऱ्हाइके दुसरीकडे जातील, अशी मालकाला भीती वाटते. काही जातातही. परंतु तीच गिऱ्हाइके परतल्यावर दारात उभे राहून वाद घालणार असतात, हे लक्षात घ्यावे.

टोलची रक्कम ‘पावतीप्रमाणे’ ठेवावी की आकड्यात धरावी, यावर माझे मत स्पष्ट आहे. फास्टॅगमुळे गिऱ्हाइकाच्या हातात पावती येतच नाही. पैसे कापल्याचा मेसेज मालकाच्या फोनवर जातो आणि गिऱ्हाइकाला ड्रायव्हरच्या शब्दावर विसंबावे लागते. ज्या रस्त्यावर तुमची गाडी महिन्यातून चार वेळा जाते, त्या रस्त्याचा टोल तुम्हाला पाठ असतो. तो एकूण रकमेत धरून टाकावा. दहा-वीस रुपये इकडेतिकडे झाले तर ते मालकाने सोसावेत. नवीन रस्ता असेल तरच ‘प्रत्यक्ष होईल तो’ असे लिहावे आणि परतल्यावर फास्टॅगचे मेसेज गिऱ्हाइकाला पुढे पाठवावेत. जीएसटीचे बिल देत असाल तर करही याच एकूण रकमेत दिसला पाहिजे.

*सावधान:* टॅगलाइनवर चांदणीचे चिन्ह देऊन खाली बारीक अक्षरात ‘अटी लागू’ छापण्याची युक्ती करू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि ठळकपणे असावा लागतो, आणि मुख्य दाव्याच्या उलट अर्थाचा खुलासा चालत नाही. ‘ज्यादा पैसे नाहीत’ असे मोठ्या अक्षरात आणि ‘रात्र भत्ता वेगळा’ असे खाली, ही नेमकी तशी उलट जोडी आहे.

टप्पा ३: उरलेल्या दोन आश्वासनांना हात लावून पाहावा

बिलाइतका वेळ येथे लागत नाही, पण हा टप्पा टाळूही नये.

गाडी स्वच्छ आहे हे गिऱ्हाईक दार उघडताच ठरवते: सीटवरचा टॉवेल, पायाखालचे मॅट आणि वास. त्यानंतर त्याची नजर ड्रायव्हरच्या दाराच्या बाहेरच्या अंगाला जाते. तेथे तंबाखूचे ओघळ असतील तर आतल्या अत्तराचा उपयोग नाही. मालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: लग्नाचे वऱ्हाड सोडून गाडी रात्री दोनला परत आली आणि पहाटे पाचला वणीच्या गडाला जायची असेल, तर सीटच्या फटीतले चुरमुरे कोण काढणार? त्या माणसाचे नाव सांगता आले तर ‘स्वच्छ’ लिहावे.

ड्रायव्हरच्या बाबतीत ‘स्वभावाने चांगला आहे’ हे उत्तर पुरत नाही. चार गोष्टी ठरवून द्याव्यात. गाडी चालवताना फोनवर बोलायचे नाही. वयस्कर माणूस गाडीत बसेपर्यंत इंजिन सुरू ठेवून घाई दाखवायची नाही. जेवणाला गिऱ्हाईक म्हणेल तेथे थांबायचे, आपले जेवण फुकट होते त्या ढाब्यावर नाही. आणि वाढीव फिरण्याची गोष्ट निघाली तर स्टिअरिंग वळवण्याआधी पैसे सांगायचे, नंतर नाही.

शेवटची गोष्ट जरा जवळून पाहू. शिर्डीत दर्शन झाल्यावर आजी म्हणतात, ‘एवढे आलोच आहोत तर शनिशिंगणापूरही करू.’ ड्रायव्हर गप्प राहून गाडी वळवतो आणि जळगावला आल्यावर जादा पैसे मागतो. हा तर वादाचा नेहमीचा मार्ग आहे. आता वरच्या मेसेजकडे पाहावे. गिऱ्हाइकाने ६०० किलोमीटरचे पैसे आधीच मान्य केले आहेत आणि मूळ प्रवास ४५० चा आहे, म्हणजे १५० किलोमीटर त्याच्या हक्काचे शिल्लक आहेत. शिंगणापूर करून संभाजीनगरमार्गे परतले तरी वाढ साधारण तेवढ्यात बसते. ड्रायव्हरने तेथेच ‘आजी, तुमचे किलोमीटर शिल्लक आहेत, फक्त पोहोचायला दुपार होईल’ असे म्हटले, तर नम्रपणा आणि भाड्याचा चोखपणा ही दोन्ही आश्वासने एका वाक्यात पाळली जातात. त्यासाठी बुकिंगचा मेसेज ड्रायव्हरच्या फोनवरही असावा लागतो. पाचपैकी चार मालक तो पाठवत नाहीत.

टप्पा ४: शब्द निवडावेत

आता लिहायला बसावे. ‘स्वच्छ’, ‘नम्र’ आणि ‘छुपे चार्जेस’ या तिन्ही शब्दांची एकेक करून परीक्षा घ्यावी.

‘स्वच्छ’ शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे, म्हणून आम्ही आधी ‘धुतलेली गाडी’ असे लिहिले. वाचायला ते ताजे वाटले. मग मालकच म्हणाला की मे महिन्यात पाणी जपून वापरावे लागते, तेव्हा गाडी ओल्या फडक्याने पुसून निघते. ती स्वच्छ असते, धुतलेली नसते. शब्द नवा असण्यापेक्षा बारा महिने खरा असणे महत्त्वाचे, म्हणून ‘स्वच्छ’ परत आला.

‘नम्र’च्या बाबतीत उलट झाले. चौकाचौकांतील जयंती-पुण्यतिथीच्या फलकांनी ‘विनम्र’ हा शब्द इतका व्यापला आहे की टॅक्सीच्या काचेवर तो दिसला तरी कोणाचे तरी छायाचित्र शोधावेसे वाटते. ‘नीट बोलणारा ड्रायव्हर’ असे सुचले, पण त्यात बाकीचे ड्रायव्हर नीट बोलत नाहीत असा टोमणा येतो, आणि स्टँडवर त्याच लोकांबरोबर रोज उभे राहायचे असते. ‘अदबशीर’ हा शब्द ड्रायव्हरांना स्वतःलाच आवडला. ‘चालक’ऐवजी ‘ड्रायव्हर’ ठेवला, कारण फोन करणारा ‘ड्रायव्हर कोण आहे?’ असेच विचारतो.

तिसऱ्या शब्दावर सर्वांत जास्त चुका होतात. एका मालकाने इंग्रजी जाहिरातीवरून ‘आश्चर्यकारक शुल्क नाही’ असे उतरवून आणले होते. त्याचा अर्थ शुल्क अगदीच साधारण आहे असा होतो. ‘छुपे चार्जेस नाहीत’ मध्ये अडचण वेगळी आहे: छुपे हा शब्द उच्चारताच वाचणाऱ्याच्या मनात लपवाछपवी येते आणि ‘नाहीत’ नंतर येते. ‘पारदर्शक दर’ ही कचेरीची भाषा झाली. आपल्याकडे रोजच्या व्यवहारात यासाठी शब्द आहे, तो ‘ठरले तेवढे’. बैलबाजारापासून केळीच्या सौद्यापर्यंत तोच चालतो.

यमकाचा मोह येथे सांभाळावा. एका मसुद्यात ओळ अशी जमली होती: ‘लख्ख गाडी, गोड वाणी, बिल ठरल्यावानी’. म्हणायला गोड आहे, मलाही ती सोडवेना. पण ‘ठरल्यावानी’ म्हणजे ठरल्यासारखे, म्हणजे जवळपास ठरल्याइतके. आणि जवळपास या शब्दातच तर ३,१५० रुपयांचे भांडण बसलेले असते. ओळ खोडली.

अहिराणीत ओळ करावी अशीही मागणी येते. धुळे, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यात ती जवळची वाटेल. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे आणि सुरत-पुण्याचे गिऱ्हाईक तर दोन्हीतले नाही. पाटीवर प्रमाण मराठी ठेवावी, अहिराणी ड्रायव्हरच्या तोंडी असू द्यावी. ती तेथे जास्त गोड लागते.

या सगळ्यातून उरलेली ओळ अशी:

स्वच्छ गाडी, अदबशीर ड्रायव्हर, ठरले तेवढेच भाडे.

क्रम मुद्दाम असा आहे. वाचणाऱ्याच्या कानात शेवटचा तुकडा राहतो, म्हणून गिऱ्हाइकाला ज्याची सर्वांत जास्त धास्ती असते ते भाडे शेवटी ठेवले. ‘तेवढेच’ मधला ‘च’ काढू नये. सगळे आश्वासन त्या एका अक्षरावर उभे आहे.

टप्पा ५: छापण्याआधी ओळ तपासावी

पहिली तपासणी फोनवर करावी. मालकाने एका ओळखीच्या माणसाला फोन लावून ओळ एकदाच म्हणावी आणि त्याला ती परत म्हणायला सांगावी. तीनपैकी दोन तुकडे तरी जसेच्या तसे परत आले पाहिजेत. दुसरी तपासणी जुन्या गिऱ्हाइकांकडे करावी, आणि त्यात एखादे रुसून गेलेले गिऱ्हाईक अवश्य असावे. त्याला ‘ओळ कशी वाटली?’ असे विचारू नये, कारण तो ‘छान’ म्हणून मोकळा होतो. ‘ही ओळ वाचल्यावर तुम्ही टोल वेगळा द्याल का?’ असे विचारावे. त्याचे उत्तर आणि तुमचा बुकिंगचा मेसेज जुळत नसेल तर मेसेज सुधारावा. ओळीत कंस घालू नये.

तिसरी तपासणी आमच्या धंद्यातली आहे आणि ती कोणी करत नाही. बोलीतले रूप, म्हणजे ‘ठरलं तेवढंच भाडं’, कानाला अधिक जवळचे आहे. पण त्यात तीन अनुस्वार आहेत. रेडियम कापताना अनुस्वाराचा ठिपका मसुराच्या डाळीएवढा निघतो आणि गाडी दोन-तीनदा धुतली की तोच आधी निघून जातो. मग काचेवर ‘ठरल तेवढच भाड’ राहते आणि स्वच्छतेचे आश्वासन देणारी गाडी अशुद्ध लेखन घेऊन हिंडते. ‘ठरले तेवढेच भाडे’ मधल्या मात्रा अक्षराला जोडून कापल्या जातात, त्या टिकतात.

टप्पा ६: कोठे काय लावावे

मागच्या काचेवर पूर्ण ओळ लावू नये. हायवेवर मागून येणाऱ्याला तीन-चार शब्दच वाचता येतात, आणि काच भरली तर ड्रायव्हरला मागचे दिसत नाही. काचेच्या खालच्या पट्टीत फक्त ‘ठरले तेवढेच भाडे’ आणि फोन नंबर असावा. पूर्ण ओळ कार्डावर, ऑफिसच्या पाटीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या माहितीत द्यावी. गुगलवरच्या नोंदीत व्यवसायाच्या नावापुढे ओळ जोडू नये. तेथे पाटीवरचे खरे नावच चालते. ओळ खाली वर्णनाच्या रकान्यात लिहावी.

*सावधान:* पाचपैकी दोन गाड्या आपल्या आणि गर्दीच्या दिवसांत तीन दुसऱ्याकडून घेतलेल्या, असे असेल तर त्या ड्रायव्हरांनाही बुकिंगचा मेसेज आणि चार नियम द्यावेत. गिऱ्हाइकाने ओळ तुमच्या कार्डावर वाचलेली असते; गाडी कोणाची आहे हे त्याला ठाऊक नसते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी तर भाड्याला मुळीच पाठवू नये.

तीन महिन्यांनी पुन्हा वीस बिले काढावीत आणि लाल पेन घ्यावे. त्या पाच गाड्यांच्या मालकाच्या दुसऱ्या फेरीत नवाच्या जागी दोन रेघा आल्या. दोन्ही इंदूरच्या फेऱ्यांच्या होत्या आणि दोन्हींत सीमेवरचा कर मेसेजमध्ये लिहायचा राहिला होता. ओळीला हात लावला नाही. मेसेजच्या नमुन्यात ‘परराज्य कर’ असा एक रकाना वाढवला आणि ऑल इंडिया परमिट असलेल्या गाड्यांसाठी त्यात ‘नाही’ असे आधीच भरून ठेवले.